हजार माती ब्लॉकला सिमेंट किती, माती किती: सात टक्क्यांचा हिशेब

मशीनवर दाबलेल्या माती-सिमेंटच्या ब्लॉकची चौकशी करणारा प्रत्येक जण आधी एकच विचारतो: हजाराला सिमेंट किती लागतं? सात टक्क्यांना साडेदहा पोती, असं सांगून मोकळं होता येतं आणि ते फारसं चुकतही नाही. पण हा आकडा कोणत्या मापाच्या ब्लॉकचा, तो किती घट्ट दाबलेला, आणि सात टक्के नेमके कशाचे, हे ठरलेलं नसेल तर साइटवर कुणी आठ पोत्यांत हजार पाडतो, कुणाला तेरा लागतात, आणि दोघंही आपण सात टक्केच घातलं असं सांगतात. पन्हाळ्याच्या बाजूला एका घरासाठी आम्ही हातमशीनवर ब्लॉक पाडले. त्या कामाचे आकडे धरून हा हिशेब पहिल्यापासून मांडतो.

ब्लॉकचं माप २३० × १९० × १०० मिलिमीटर. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या ‘अस्त्र’ गटाने तयार केलेल्या मर्दिनी मशीनमुळे हे माप आपल्याकडे रुळलं. ब्लॉक आडवा-उभा फिरवला की २३० ची भिंतही होते आणि १९० चीही. हजार ब्लॉकमध्ये २३० च्या भिंतीचं साधारण २२ चौरस मीटर काम होतं, १९० च्या भिंतीचं २६. तुमच्या मशीनचं माप वेगळं असेल तर खालचे सगळे आकडे बदलतील, पद्धत तीच राहील.

हिशेब सिमेंटपासून सुरू करायचा नाही. तो सुरू होतो एका वाळलेल्या ब्लॉकच्या वजनापासून. ब्लॉकचं घनफळ ०.२३ × ०.१९ × ०.१०, म्हणजे ०.००४३७ घनमीटर. हातमशीनवर नीट दाबलेल्या ब्लॉकची कोरडी घनता दर घनमीटरला १,८०० किलोच्या आसपास मिळते. गुणाकार केला की एका ब्लॉकमध्ये ७.८७ किलो कोरडा माल बसतो आणि हजारात ७,८६६ किलो. माती, खडी क्रशरची डस्ट आणि सिमेंट मिळून हे वजन आहे. हा आकडा हातात आला की उरलेली सगळी वाटणी आहे.

पण १,८०० हा आकडा कागदावर लिहून चालत नाही, तो मशीनमधून काढून घ्यावा लागतो. या जातीच्या मशीनमध्ये झाकण बंद झाल्यावर आणि हँडल पूर्ण खाली आल्यावर ब्लॉकची जाडी ठरलेलीच येते. म्हणजे घनफळ पक्कं. घनता किती येणार हे मग एकाच गोष्टीवर ठरतं: साच्यात किती किलो ओला माल टाकला. म्हणून मशीनशेजारी वजनकाटा हवाच. घमेल्याच्या अंदाजाने साचा भरणारा गडी सकाळी आणि दुपारी सारखा भरत नाही, आणि जेवणानंतर तर नाहीच नाही.

मालात ११ टक्के पाणी धरलं तर ७.८७ किलो कोरड्या ब्लॉकचं ओलं वजन ८.७३ किलो होतं. सुरुवातीला वेगवेगळ्या वजनाचे थोडे ब्लॉक पाडून बघायचे. ८.२ किलो टाकलं तर हँडल एका माणसाच्या हाताने सहज खाली येतं, ब्लॉक बाहेरून देखणा दिसतो, पण घनता १,६९० वरच राहते. ८.७३ ला दोघांना हँडलवर भार द्यावा लागतो आणि ते शेवटपर्यंत बसतं. ९ किलोला घनता १,८५० च्या पुढे जाते खरी, पण हँडल बसवायला तिसरा माणूस लागतो, मशीनच्या पिना झिजतात आणि ब्लॉक बाहेर काढताना कडा उडतात. आम्ही ८.७३ वर थांबलो आणि काट्यावर पावणेनऊ किलोची खूण केली. पंधरा-वीस ग्रॅम इकडेतिकडे झाले तर बिघडत नाही. दोनशे ग्रॅम कमी पडले तर बिघडतं, कारण घनता उतरली की ताकद तिच्यापेक्षा बरीच जास्त वेगाने उतरते. सैल ब्लॉकमध्ये एक टक्का सिमेंट वाढवून ती भरून काढायचा प्रयत्न महागात पडतो.

आता टक्के. स्टॅबिलायझरची, म्हणजे माती पक्की करणाऱ्या सिमेंटची, टक्केवारी सहसा कोरड्या मातीच्या वजनावर सांगतात. म्हणजे १०० किलो कोरड्या मालात ७ किलो सिमेंट, मिळून १०७ किलो. म्हणून ७,८६६ ला १.०७ ने भागायचं. येतात ७,३५१ किलो माती आणि डस्ट, आणि ५१५ किलो सिमेंट. पोत्यांत १०.३. काही जण सरळ ७,८६६ चे सात टक्के काढतात आणि ५५१ किलोवर पोचतात. फरक पाऊण पोत्याचा आहे. नुकसान मोठं नाही, पण दोन ठेकेदारांचे दर शेजारी ठेवून तुलना करताना दोघं एकाच रीतीने मोजतायत ना, हे विचारावं.

खरा घोळ होतो तो वजनाऐवजी घमेल्याने टक्के मोजले की. मोकळं सिमेंट लिटरला १.४४ किलो धरतात (५० किलोचं पोतं म्हणजे ३५ लिटर), आणि चाळलेली मोकळी तांबडी माती लिटरला १.२ किलोच भरते. त्यामुळे शंभर घमेली नुसत्या मातीला सात घमेली सिमेंट टाकलं की वजनाने ते ८.४ टक्के होतं. हजाराला जवळपास दोन पोती वरखर्च, आणि टाकणाऱ्याला वाटतं आपण सातच टाकलं.

टक्के बदलले की काय बदलतं, हेही याच भागाकारातून दिसतं. पाच टक्क्यांना ३७५ किलो सिमेंट, साडेसात पोती. आठ टक्क्यांना ५८३ किलो, म्हणजे ११.७ पोती. दहा टक्क्यांना ७१५ किलो, १४.३ पोती. याच काळात मातीचा आकडा ७,४९१ वरून ७,१५१ वर येतो, म्हणजे जेमतेम साडेचार टक्के कमी. मातीची ऑर्डर टक्क्यांनी फारशी हलत नाही. सिमेंट मात्र दर एका टक्क्याला हजारी ६८ किलोच्या आसपास, म्हणजे सुमारे १.४ पोतं वाढतं. हा एक आकडा लक्षात ठेवला तर कागद-पेन्सिलीशिवाय साइटवर उभ्याउभ्या उत्तर देता येतं.

मग सातच का? ते माती ठरवते. कोल्हापूर जिल्ह्यात मातीचे दोन टोकाचे स्वभाव आहेत. पूर्वेला शिरोळ-हातकणंगल्याकडे नदीकाठची काळी माती. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि सिमेंट कितीही ओतलं तरी तिचा हा गुण पुरता जात नाही. चुना वापरून आणि भरपूर डस्ट मिसळून काही करता येतं, पण तो वेगळा उद्योग आहे. त्या मातीत सात टक्क्यांचा हा हिशेब लावू नये. पश्चिमेला पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरीच्या बाजूला जांभ्याची तांबडी माती. तिच्यातली चिकणमाती कमी फुगणारी, सिमेंटशी जमवून घेणारी. ब्लॉकला ही माती घ्यावी. तीसुद्धा वरचा फूटभर थर बाजूला काढूनच, कारण त्यात मुळं, पाचोळा आणि कुजलेलं असतं आणि असला सेंद्रिय माल सिमेंटला पकडू देत नाही. बाहेरून माती आणायची असेल तर तहसीलचा परवाना आणि रॉयल्टीची पावती आधी, डंपर नंतर.

आमच्या मातीत चिकणमाती २५ टक्के, गाळ २५ आणि वाळूचा भाग ५० टक्के होता. हे आकडे प्रयोगशाळेतले. बरणीत माती, पाणी आणि चिमूटभर मीठ घालून हलवून ठेवण्याची घरगुती रीत अंदाजाला ठीक आहे, पण तिच्यात सर्वांत वरच्या थरात बसलेली चिकणमाती फुगलेल्या अवस्थेत मोजली जाते, म्हणून ती खऱ्यापेक्षा जास्त दिसते. ब्लॉकला चिकणमाती १० ते १५ टक्के आणि वाळू ६५ च्या वर असलेली बरी. त्यासाठी खडी क्रशरची डस्ट वजनाने निम्मी मिसळली. डस्टमध्ये चिकणमाती जवळपास नसतेच, त्यामुळे मिश्रणात ती १२.५ टक्क्यांवर आली आणि वाळू सत्तरीला पोचली.

हे मिश्रण किती सिमेंट मागतंय, याची एक जुनी चाचणी आहे आणि ती अजून उपयोगी पडते. ६०० मिलिमीटर लांब, ४० रुंद, ४० खोल अशी लाकडी पेटी, आतून तेल लावलेली. तिच्यात ओली माती कोपऱ्यापर्यंत दाबून भरायची आणि आठवडाभर सावलीत वाळू द्यायची. वाळल्यावर सगळे तुकडे एका टोकाला सरकवून दुसऱ्या टोकाची फट मोजायची. फट १५ मिलिमीटरपर्यंत असेल तर सिमेंट-माती १:१८, तिशीपर्यंत १:१६, पंचेचाळीसपर्यंत १:१४, साठपर्यंत १:१२, सगळं घनफळाने. नुसत्या तांबड्या मातीची फट तिशीच्या पुढे गेली. म्हणजे १:१४, आणि ते वजनात आणलं तर ८.६ टक्के, हजाराला साडेबारा पोती. निम्मी डस्ट मिसळल्यावर फट पंधराच्या आत आली. म्हणजे १:१८, वजनाने सुमारे ५.९ टक्के. तरीही आम्ही सात धरलं, कारण कालवणं फावड्याने होणार होतं. हाताने कालवलेल्या मालात सिमेंट सगळीकडे सारखं पोचत नाही, आणि सर्वांत कमी सिमेंट मिळालेला ब्लॉकही पन्हाळ्याच्या पावसात टिकायला हवा. नुसत्या मातीच्या मानाने हजारी दोन पोती डस्टनेच वाचवली. त्या मानाने डस्टचा खर्च किरकोळ.

तर हजाराला कोरडी माती ३,६७६ किलो, कोरडी डस्ट ३,६७६ किलो, सिमेंट ५१५ किलो. यात फुटतूट नाही. मशीनमधून काढताना तुटलेला ब्लॉक त्याच घाण्यात लगेच कुस्करून परत घालता येतो, पण दुसऱ्या दिवशी तुटलेल्यातलं सिमेंट मेलेलं असतं. तो माल भरावात टाकायचा, पुन्हा साच्यात नाही. तीन टक्के घट धरली की सिमेंट ५३० किलो होतं. म्हणजे ११ पोती आणायची आणि उरलेल्या थोड्या सिमेंटची काळजी करायची नाही.

माती आणि डस्ट मात्र किलोने मिळत नाही, ब्रासने मिळते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. आतून नेमका एक घनफूट भरेल असा लाकडी फरमा करून घ्या आणि प्रत्येक माल त्यात मोकळा भरून, वर सपाट फळी फिरवून वजन करा. चाळलेली कोरडी तांबडी माती फरम्याला ३४ किलो भरली, कोरडी डस्ट ४४ च्या जरा खाली. घट धरून माती ३,७८६ किलो हवी, म्हणजे १११ फरमे, १.१ ब्रास. ही चाळलेली. पाच मिलिमीटरच्या चाळणीवर या मातीचा शेकडा बारा भाग खडे आणि ढेकळं म्हणून वर राहत होता, तेव्हा आणायची माती १.२७ ब्रास, व्यवहारात सव्वा ते दीड ब्रासच्या मधे. डस्ट ८६ फरमे. तिच्यातली जाड कच चाळून जाते ती धरून ०.९ ब्रास. एक ब्रास मागवली की पुरते. माती स्वतःच्याच प्लॉटमधून काढणार असाल तर जमिनीत ती घट्ट बसलेली असते, त्यामुळे वरचा थर काढल्यावर साधारण ९५ घनफुटांच्या खड्ड्यातून हजाराची माती निघते. पायाच्या खोदाईतली माती पुरेल का, हे यावरून लगेच कळतं.

आता ओलावा, कारण वरची सगळी वजनं कोरड्या मालाची आहेत आणि साइटवर कोरडा माल कधीच नसतो. ढिगाच्या पोटातून एक किलो माल घ्यायचा, लोखंडी तव्यावर मंद आचेवर हलवत वाळवायचा, वाफ पूर्ण थांबली की पुन्हा वजन करायचं. एक किलोचा ९४३ ग्रॅम झाला तर ५७ भागिले ९४३, म्हणजे ६ टक्के ओलावा. आमची माती ६ टक्के होती, डस्ट ३ टक्के. त्या दिवशी ३,६७६ किलो कोरड्या मातीसाठी ढिगातून ३,८९७ किलो घ्यायला हवी. न बघता ३,६७६ च घेतली तर माती दोनशे किलोंनी कमी पडते, आणि सिमेंटचे टक्के आपोआप चढतात.

पाण्याचाही हिशेब इथेच होतो. ११ टक्क्यांनी हजार ब्लॉकला ८६५ लिटर पाणी लागतं. त्यातलं २२० लिटर मातीत आणि ११० डस्टमध्ये आधीच आहे. वरून घालायचं उरतं ५३५ लिटर. मातीचा गोळा करून मुठीत दाबायचा आणि कमरेच्या उंचीवरून टणक जागेवर सोडायचा. चार-पाच तुकडे झाले तर पाणी बरोबर. भुगा झाला तर कमी, नुसता चपटा होऊन बसला तर जास्त. जास्त पाण्याचा ब्लॉक दाबताना लवचिक वाटतो, हँडल सोडल्यावर किंचित फुगतो आणि पोटात घट्ट बसत नाही.

एका पोत्याचा पूर्ण घाणा कालवायचा मोह होतो, कारण पोतं फोडून ओतणं सोपं. पण एका पोत्याला ७१४ किलो कोरडा माल लागतो आणि त्याचे ९७ ब्लॉक होतात. हातमशीनवर तासाला साठ ब्लॉक धरले तरी शेवटचा ब्लॉक पडायला दीड तास उलटतो. पाणी पडल्यावर सिमेंट धरायला लागतं, आणि तासाभरानंतर दाबलेला माल आधीच धरलेलं सिमेंट मोडून दाबला जातो. घाण्याचे शेवटचे ब्लॉक पहिल्यांपेक्षा कमकुवत निघतात, आणि ते वरून ओळखू येत नाहीत. म्हणून पाव पोत्याचा घाणा. साडेबारा किलो सिमेंट काट्यावर मोजून, माती ढिगातून ९४.७ किलो, डस्ट ९२ किलो, पाणी १३ लिटर. यात २४ ब्लॉक होतात आणि अर्ध्या तासाच्या आत संपतात. फरम्यानेच मोजायचं असेल तर पाव पोत्याला कोरडी माती दोन फरमे आणि तिसरा पाऊण फरम्याला थोडा कमी, कोरडी डस्ट दोन फरमे. पण ओल्या मालाला हे माप लागू नाही. का, ते पुढे येतं.

कालवण्याचा क्रम साधा आहे आणि तरी सगळ्यांत जास्त टाळाटाळ इथेच होते. सिमेंटच्या कोब्यावर माती पसरा, तिच्यावर डस्ट, वर सिमेंट. पाणी न घालता खोऱ्याने तीनदा उलटवा, रंग एकसारखा होईपर्यंत. राखाडी पट्टे दिसत असतील तर चौथ्यांदा. मग झारीने पाणी शिंपडत दोनदा उलटवा आणि पाण्याने बनलेल्या गोळ्या हाताने चोळून फोडा. पाइपने पाणी सोडलं की मटाराएवढ्या गोळ्या होतात, त्यांच्या पोटात सिमेंट जात नाही, आणि पहिल्या पावसात ब्लॉकच्या तोंडावर त्याच जागी खड्डे पडतात.

हिशेब जमला की नाही, हे सांगणारी एक खूण रोज संध्याकाळी बघायची: किती पोती संपली आणि किती ब्लॉक पडले. पोत्याला ९७ यायला हवेत, म्हणजे चार पोत्यांना ३८८. दोन-चार कमी-जास्त चालतील. पोत्याला १०५ पडू लागले तर खूश होऊ नका. सिमेंट आणि माती तेवढीच, ब्लॉक मात्र जास्त, याचा अर्थ प्रत्येक ब्लॉकमध्ये माल कमी जातोय. ७६४ किलोचे १०५ केले की ब्लॉकला ७.२८ किलो येतात आणि घनता १,६६५ वर घसरते. काट्यावरची खूण हलली असेल किंवा गड्याने वजन करणं सोडलं असेल. असे ब्लॉक पाण्यात भिजवून नखाने कड खरवडली की लगेच उतरते.

पोत्याला ९० वर आले तर उलटी गोष्ट आणि बहुधा डस्टचा दोष. डस्टमध्ये चार-पाच टक्के ओलावा असला की कण एकमेकांपासून दूर सरतात आणि ढीग फुगतो, शेकडा वीससुद्धा. फरमा तेवढाच भरतो, पण आत डस्ट कमी असते. पोत्यामागे ३५७ किलोऐवजी २९८ किलोच डस्ट जाते. मग सिमेंट ७ ऐवजी ७.६ टक्के होतं, चिकणमातीही थोडी चढते, आणि ब्लॉक पडतात ८९-९०. हजाराला पोतंभर सिमेंट जास्त जातं आणि कारण सापडत नाही म्हणून गड्यांवर चोरीचा आळ येतो. डस्ट काट्यावर मोजली, नाहीतर पातळ पसरून उन्हात पूर्ण वाळवली, की आकडा पुन्हा ९७ ला येतो.

सिमेंट ओपीसी ४३ ग्रेडचं घेतलं. पीपीसीनेही ब्लॉक होतात, पण ताकद सावकाश येते, म्हणून ओलं ठेवण्यात कसूर चालत नाही. पश्चिमेच्या दमट हवेत पोती जमिनीला टेकवून ठेवू नयेत. गाठी झालेलं सिमेंट चाळून वापरलं तर सात टक्के कागदावरच राहतात.

पाडलेले ब्लॉक पहिले दोन दिवस सावलीत, वर प्लास्टिक. मग चार-पाच थरांची थप्पी लावून वर उसाचं पाचट अंथरायचं आणि झारीने दिवसातून दोन-तीनदा भिजवायचं. आपल्याकडे पाचटाला तोटा नाही आणि गोणपाटापेक्षा ते ओल जास्त वेळ धरतं. २८ दिवस ओलं ठेवलं तरच सात टक्क्यांचं पूर्ण मोल मिळतं. दहा दिवसांत पाणी तोडलं तर आठ टक्केही कमी पडतात. त्यामुळे डिसेंबर ते मे हा हंगाम. जूनमध्ये तांबडी माती चाळणीतून जातच नाही, चिखलाचे गोळे होतात.

थपीतला एखादा ब्लॉक पूर्ण वाळवून तोलावा. पावणेआठ किलोच्या आत भरला तर त्या दिवसाचा लॉट बाजूला ठेवावा. ताकदीची चाचणी नेहमी भिजवलेल्या ब्लॉकवर मागावी, माती ब्लॉकच्या आयएस १७२५ या भारतीय मानकातही ती तशीच आहे. कोरड्या ब्लॉकचा आकडा छान दिसतो, पण पावसात भिंत ओली असते तेव्हा तो कामाचा नसतो. पाणी शोषणंही वजनाच्या १५ टक्क्यांच्या आत हवं. म्हणजे ७.८७ किलोच्या ब्लॉकने १.१८ किलोहून जास्त पाणी पिऊ नये.

जोत्यावरचे पहिले तीन थर आणि बाथरूमकडची भिंत यांना आम्ही आठ टक्के वापरलं. तेवढ्यासाठी पाव पोत्याच्या घाण्यात सिमेंट वाढवायचं नाही, माती कमी करायची: साडेबारा किलोला १७९ ऐवजी १५६ किलो कोरडा माल, आणि ब्लॉक २४ ऐवजी २१. पाणीही त्याच प्रमाणात कमी. हे ब्लॉक वेगळ्या थपीत ठेवून कडेला गेरूची रेघ मारावी, नाहीतर गवंडी ते वरच्या थरात घालून मोकळा होतो.